प्रश्नावलीतलं मूल आणि चाचणीतलं मूल

एडीएचडीच्या तपासणीनंतर पालकांच्या हाती जो रिपोर्ट येतो, त्याचे दोन भाग पुष्कळदा एकमेकांशी पटत नाहीत. आईने आणि वर्गशिक्षिकेने भरलेल्या प्रश्नावलीत मुलाचे आकडे धोक्याच्या रेषेच्या बरेच वर असतात, आणि त्याच मुलाने संगणकावर दिलेल्या चाचणीसमोर ‘वयानुरूप’ असा शेरा असतो. मग घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, “बघ, मशीननेच सांगितलं, पोराला काही झालेलं नाही.” आईला कळत नाही, की रोज सकाळी एक मोजा घालून दुसरा हातात धरून खिडकीशी उभं राहिलेलं मूल आपण पाहतो, ते मग काय असतं?

ही तफावत काही एखाद्या डॉक्टरच्या हलगर्जीपणाने आलेली नसते. २०१३ साली मॅगी टोपलॅक, रिचर्ड वेस्ट आणि कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञांनी अशा वीस अभ्यासांचा आढावा घेतला. एकाच व्यक्तीबद्दलच्या प्रश्नावल्या आणि त्याच व्यक्तीने केलेल्या चाचण्या यांचा मेळ किती बसतो, हे त्यांना पाहायचं होतं. पूर्ण मेळ म्हणजे १ आणि काहीच संबंध नसेल तर शून्य, अशा मोजमापात त्यांना मिळालेला मधला आकडा होता ०.१९. दोन्ही साधनं एकाच गोष्टीचं मोजमाप करतात असं वर्षानुवर्षं धरून चाललेल्या क्षेत्राला हा आकडा बराच अडचणीचा होता. तो समजून घ्यायचा, तर एडीएचडीत नेमकं काय बिघडतं याबद्दलची आजची समजूत आधी पाहावी लागते.

‘अटेन्शन डेफिसिट’ हे नाव ऐकून वाटतं, की या मुलांकडे लक्षच कमी असतं. पण मोबाइलवरच्या खेळात हेच मूल तासभर हलत नाही, आणि पालकांच्या तक्रारीत हे वाक्य हमखास येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ साली मांडलेल्या सिद्धांतात या कोड्याला उत्तर आहे. त्यांच्या मते मूळ अडचण लक्षाची नसून थांबण्याची आहे. समोर काही घडलं, की लगेच काहीतरी करण्याची ऊर्मी येते. ती क्षणभर रोखता आली तरच मधे थोडी मोकळी जागा तयार होते. त्या जागेत माणूस मागचं आठवतो, पुढचं डोळ्यांसमोर आणतो, मनातल्या मनात स्वतःला सूचना देतो, राग किंवा कंटाळा आवरतो आणि कामाचे तुकडे नव्याने जुळवतो. या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. ही मनाची कारभार पाहणारी यंत्रणा, आणि तिच्यात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. ऊर्मी रोखलीच गेली नाही, तर या यंत्रणेला काम करायला वेळच मिळत नाही.

मोबाइलवरच्या खेळात तिची फारशी गरज पडत नाही. पुढची पायरी पडद्यावर दिसते, बक्षीस दर काही सेकंदांनी मिळतं, चूक झाली तर लगेच आवाज होतो. म्हणजे कारभार खेळच पाहतो. गृहपाठात तसं कोणी नसतं. वही काढायची, कोणता प्रश्न ते आठवायचं, कंटाळा आला तरी बसून राहायचं, आणि बक्षीस म्हणजे फार तर उद्या बाईंनी दिलेली टिक. म्हणून मोबाइलवर रमणारं मूल ‘मुद्दाम करतं’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

थांबण्याची ही क्षमता मोजायची कशी? त्यासाठी वापरली जाणारी ‘स्टॉप सिग्नल’ चाचणी मला या क्षेत्रातली सर्वांत कल्पक चाचणी वाटते. मूल संगणकासमोर बसतं. डावीकडचा बाण दिसला तर डावं बटण, उजवीकडचा दिसला तर उजवं, आणि तेही शक्य तितक्या लवकर दाबायचं. पण साधारण चारातल्या एका वेळी बाणानंतर लगेच ‘टूं’ असा आवाज येतो. आवाज आला की बटण दाबायचं नाही. मुलाला थांबणं जमलं, तर पुढच्या वेळी आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे थांबणं अवघड होतं. जमलं नाही, तर तो तितकाच लवकर येतो. असं होत होत चाचणी अशा ठिकाणी येऊन स्थिरावते, जिथे मूल निम्म्या वेळा थांबू शकतं आणि निम्म्या वेळा नाही.

आता दोन मुलं घेऊ. दोघांनाही बाण पाहून बटण दाबायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागतात. पहिल्याच्या बाबतीत आवाज बाणानंतर ३५० मिलिसेकंदांवर स्थिरावला, दुसऱ्याच्या बाबतीत २५० वर. वजाबाकी केली, की पहिल्याला थांबायला २५० मिलिसेकंद लागतात आणि दुसऱ्याला ३५०, हे कळतं. न केलेल्या हालचालीचा वेग कुठेच दिसत नाही, पण गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीने तो मोजता येतो. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटाला थांबायला सरासरीने जास्त वेळ लागतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे.

मात्र ‘गटाला’ आणि ‘सरासरीने’ या दोन शब्दांतच सगळी गोम आहे. २००५ मध्ये एरिक विलकट आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी आणि एक्झिक्युटिव्ह फंक्शनवरचे ८३ अभ्यास एकत्र तपासले. थांबणं, सजग राहणं, माहिती मनात धरून ठेवणं, योजना आखणं या सगळ्यांत एडीएचडी असलेले गट मागे होते, पण फरक मध्यम होता. त्याच वर्षी जोएल निग आणि सहकाऱ्यांनी गटांऐवजी एकेक मूल पाहिलं. कोणतीही एक चाचणी घेतली, तर एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण निम्मीच तिच्यात कमी पडत होती. निरोगी मुलांतलीही साधारण दहातली एक तिथेच अडखळत होती.

या प्रमाणाचा व्यवहारात अर्थ काय, ते आकडेमोड केल्याशिवाय जाणवत नाही. एखाद्या मोठ्या शाळेत १००० मुलं आहेत आणि त्यांतल्या ५ टक्क्यांना, म्हणजे ५० जणांना एडीएचडी आहे असं धरू. सगळ्यांची ही एकच चाचणी घेतली. ५० पैकी २५ पकडली गेली. उरलेल्या ९५० पैकी दहावा हिस्सा, म्हणजे ९५ मुलं विनाकारण अडकली. ‘नापास’ झालेल्या १२० मुलांपैकी एडीएचडी खरोखर असलेली फक्त २५, आणि आणखी २५ जणांना ‘सर्व ठीक’ म्हणून घरी पाठवलं गेलं. ‘वीस मिनिटांत संगणकावर एडीएचडी ओळखा’ अशी जाहिरात कुणी केली, तर हे गणित त्याच्यासमोर ठेवावं.

सिद्धांताचीही यात थोडी उतराई झाली. थांबण्यातली अडचण हेच सगळ्याचं मूळ असतं, तर ती जवळपास प्रत्येक मुलात सापडायला हवी होती. ब्रिटनमधले एडमंड सोनुगा-बार्क यांनी म्हणून दुसरी वाटही दाखवली. काही मुलांना थांबता येतं, पण वाट पाहणं असह्य होतं. आत्ताचं एक चॉकलेट आणि थोड्या वेळानंतरची दोन, यात ती आत्ताचं उचलतात. एडीएचडी हे एकाच कारणाचं एकच रूप नसावं, वेगवेगळ्या वाटांनी मुलं तिथे पोहोचत असावीत, या बाजूला आज बहुतेक संशोधक झुकलेले आहेत.

आता प्रश्नावलीकडे वळू. एडीएचडीच्या प्रश्नावल्या दिसायला अगदी साध्या असतात. बालरोगतज्ज्ञांकडे पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या ‘व्हँडरबिल्ट’ स्केलमध्ये लक्षाबद्दलची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाबद्दलची नऊ विधानं असतात. ‘तपशिलाकडे दुर्लक्ष करतो’, ‘वस्तू हरवतो’, ‘आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही’ अशा प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण द्यायचे. २ किंवा ३ मिळालं, तर ते लक्षण मोजायचं. नवांपैकी सहा लक्षणं भरली आणि त्यामुळे अभ्यासात किंवा वागण्याबोलण्यात खरोखर अडचण येत असेल, तर पुढची तपासणी करायची. ‘ब्रीफ’ नावाची दुसरी प्रश्नावली थेट एक्झिक्युटिव्ह फंक्शनबद्दल विचारते. तिच्यात सरासरी ५० धरलेली असते आणि ६५ च्या पुढचा आकडा चिंतेचा मानतात.

या कागदांची ताकद एवढीच, की भरणाऱ्याने मुलाला महिनोन्‌महिने पाहिलेलं असतं. त्यांचा दोषही तोच आहे, कारण पाहणारा माणूस असतो. एकदा मूल ‘वांड’ ठरलं, की त्याचं विसरणंही वांडपणाच्या खात्यात जातं. पाठच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीला मात्र साठ मुलांच्या वर्गात कुणी २ देत नाही, ० देतात. शिवाय शिक्षक तुलना वर्गातल्या इतरांशी करतात, वयाशी नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळेचा वर्ग जन्मवर्षावर ठरतो, म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत लहान. तिथल्या २०१२ च्या अभ्यासात डिसेंबरच्या मुलग्यांना जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा एडीएचडीचं निदान सुमारे ३० टक्के जास्त प्रमाणात मिळालेलं आढळलं. त्या मुलांचं वय अकरा महिन्यांनी कमी होतं, एवढंच. आपल्याकडेही प्रवेशासाठी घाई करून बसवलेलं मूल असेल, तर प्रश्नावली वाचण्याआधी जन्मतारीख पाहावी.

मग दोन्हींत मेळ का नाही? टोपलॅक आणि सहकाऱ्यांचं उत्तर असं, की चाचणी माणसाची क्षमता मोजते आणि प्रश्नावली त्याची रोजची वागणूक. आरटीओच्या मैदानावर नीट आठचा आकडा काढणारा माणूस दादरच्या गर्दीत गाडी कशी चालवेल, हे मैदानावर कळत नाही. चाचणीची खोली शांत असते. समोर एकच मोठा माणूस, तो सूचना देतो, साहित्य पुढे करतो, सुरुवात केव्हा आणि शेवट केव्हा हेही सांगतो. थोडक्यात, मुलाच्या कारभाराचं निम्मं काम परीक्षकच करून टाकतो, आणि नेमकं तेच काम त्याला घरी जमत नसतं. आणखी एक गोष्ट म्हणजे, कोणतीही चाचणी एका कौशल्यापुरती असते. एकही चाचणी रविवारी संध्याकाळी सोमवारचं दप्तर भरायला सांगत नाही.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी, असा मुळीच नाही. त्यांचा उपयोग निदानाचा शिक्का मारण्यासाठी नसून, निदानाच्या आत नेमकं काय आहे ते पाहण्यासाठी आहे. एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. मूल काल्पनिक आहे, आकडेही समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असं चित्र नेहमी पाहायला मिळतं.

मराठी माध्यमात चौथीत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा. तक्रार शाळेतून आली आहे: फळ्यावरचं अर्धवट उतरवतो, वह्या हरवतो, तोंडी विचारलं तर उत्तर येतं, पण लेखी पेपर कोरा. मानसशास्त्रज्ञ आधी आईवडिलांशी तासभर बोलतात. हे केव्हापासून आहे? झोप कशी आहे, घोरतो का? कान आणि डोळे तपासलेत का? मधेच काही सेकंद टक लावून थिजतो आणि हाक मारल्यावरही दाद देत नाही, असं होतं का? हा शेवटचा प्रश्न फिट्सच्या एका प्रकाराबद्दलचा आहे, जो बाहेरून लक्ष उडाल्यासारखाच दिसतो. बालवाडीतल्या बाईही हेच सांगायच्या, असं आई सांगते. वडील हसून म्हणतात, “मीही असाच होतो.” हे वाक्य टिपून ठेवण्यासारखं आहे, कारण एडीएचडीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे: असे वडील लक्षणांना कमी गुण देतात, कारण त्यांच्या लेखी ते नेहमीचंच असतं. निदानाच्या निकषांत बारा वर्षांच्या आधी सुरुवात, किमान सहा महिने टिकलेली लक्षणं आणि निदान दोन ठिकाणी दिसणं आवश्यक आहे. म्हणून फॉर्म आई आणि वर्गशिक्षिका दोघींना दिला जातो.

आईच्या फॉर्ममध्ये लक्षाच्या नऊपैकी सात लक्षणं भरतात, चंचलतेची तीन. बाईंच्या फॉर्ममध्ये आठ आणि चार. ‘ब्रीफ’मध्ये माहिती मनात धरण्याचा आकडा ७४, ऊर्मी रोखण्याचा ५७. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या व्यक्तींना, तेच दिसतं आहे. आता चाचण्या. बुद्धिमापन सरासरी येतं. वाचन आणि स्पेलिंग वयाला साजेसं, म्हणजे अध्ययन अक्षमतेची शक्यता मागे पडते. हे तपासणं टाळलं, तर मोठी फसगत होते, कारण वाचताच न येणारं मूलही पुस्तकासमोर चुळबुळ करतं आणि बाईंच्या फॉर्मवर आठ लक्षणं सहज भरतात.

मग आकडे म्हणायला सांगतात. ऐकले तसे पाच आकडे तो म्हणतो. तेच उलट्या क्रमाने म्हणायचे तर दोनावर अडकतो, तिसऱ्याला गोंधळतो. स्टॉप सिग्नलमध्ये थांबायचा वेळ वयानुरूप. त्यानंतर चौदा मिनिटांची, मुद्दाम कंटाळवाणी चाचणी: पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, फक्त एक्स आला तर नाही. त्यात चुका फारशा नाहीत. पण बटण दाबायचा वेळ कधी ४०० मिलिसेकंद, कधी ९००, आणि शेवटच्या काही मिनिटांत हे हेलकावे वाढतात. सरासरी पाहिली तर हे दिसत नाही. अनुभवी परीक्षक म्हणून सरासरीबरोबर चढउतारही पाहतात, कारण असे हेलकावे एडीएचडीत वारंवार आढळतात. मधेच मुलगा विचारतो, “अजून किती आहे?” तेही परीक्षक लिहून घेतात.

केवळ ‘चाचणीत चुका नाहीत’ एवढं पाहिलं असतं, तर हा मुलगा सुटला असता. केवळ प्रश्नावली पाहिली असती, तर निदान झालं असतं, पण सल्ला मोघम मिळाला असता. दोन्ही एकत्र ठेवल्यावर चित्र असं दिसतं: निदान इतिहासावर आणि दोन फॉर्मवर उभं आहे, लक्षाच्या अडचणीचा प्रकार ठळक आहे, चाचण्या सांगतात की ऊर्मी रोखणं ठीक आहे, माहिती मनात धरून तिच्यावर काम करणं कच्चं आहे. म्हणून या मुलाला ‘शांत बस, थांब’ शिकवण्यात वेळ घालवायचा नाही. “दप्तर आवर, डबा धू आणि मग गणिताला बस” अशा तिहेरी सूचनेऐवजी एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, गणिताच्या पायऱ्या डोळ्यांसमोर लिहिलेल्या, हे त्याच्या उपयोगाचं आहे. औषधाचा प्रश्न वेगळा. तो बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ ठरवतात आणि तो या आकड्यांवर अवलंबून नसतो.

उलटं चित्रही येतं. प्रश्नावल्या साध्या आणि चाचण्या वाईट. तिथे एडीएचडीचं निदान होत नाही. मूल रात्री नीट झोपलं होतं का, चाचणीची भीती वाटली का, सूचना कळल्या का, हे आधी विचारायचं. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. अनेक संगणकीय चाचण्यांत इंग्रजी अक्षरं असतात आणि तुलनेचे तक्ते अमेरिकन मुलांचे असतात. कधी माउस न धरलेल्या मुलाच्या ८०० मिलिसेकंदांचं काय करायचं, हे त्या तक्त्यात नसतं. बंगळुरूच्या निम्हान्सने भारतीय मुलांच्या तक्त्यांसह चाचण्यांचा संच तयार केला आहे, आणि नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली बुद्धिचाचणी आजही अनेक क्लिनिकमध्ये वापरात आहे. कोणते तक्ते वापरले, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की केवळ रेटिंग स्केल किंवा निरीक्षण यांच्या आधारावर एडीएचडीचं निदान करू नये. माझं मत विचाराल, तर केवळ संगणकाच्या आधारावर ते करणं आणखी वाईट, कारण त्या आकड्यांना यंत्राचा रुबाब असतो आणि पालक त्यांच्याशी वाद घालत नाहीत. म्हणून रिपोर्ट हातात पडल्यावर चार गोष्टी विचारा: शाळेकडून फॉर्म आला होता का, वाचन-लेखन तपासलं का, तक्ते कुठल्या मुलांचे, आणि प्रश्नावली व चाचणी यांत जिथे फरक आला तिथे तो का आला असं तुम्हाला वाटतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे नसेल, तर दुसरं मत घ्या.